खप वाढला, मग वाटा कुठे गेला?

मारुती सुझुकीने २०२३-२४ या आर्थिक वर्षात देशांतर्गत बाजारात १७,५९,८८१ प्रवासी वाहने विकली. पुढच्या वर्षी, २०२४-२५ मध्ये, हा आकडा १७,६०,७६७ झाला. वाढ फक्त ८८६ गाड्यांची, पण वाढ ती वाढच, आणि कंपनीच्या निवेदनात तिला ‘आजवरची सर्वाधिक विक्री’ म्हणता येते. त्याच वर्षी कंपनीचा बाजारातला वाटा मात्र ४१.७ टक्क्यांवरून ४०.९ टक्क्यांवर उतरला. एका वर्तमानपत्राने विक्रमाचा मथळा द्यावा आणि शेजारच्या वर्तमानपत्राने घसरणीचा, आणि दोघांपैकी कोणीही खोटे बोललेले नसावे, अशी ही गंमत आहे.

गमतीचे कारण साधे आहे. त्याच काळात देशातला एकूण प्रवासी वाहनांचा बाजार ४२.१९ लाखांवरून ४३.०२ लाखांवर गेला होता. भागाकारात वरचा आकडा जागच्या जागी राहिला आणि खालचा वाढला, की उत्तर कमी येते. पाचवीतला विद्यार्थीही हे सांगेल. तरीही व्यापारी पानांवर, कंपन्यांच्या महिनाअखेरच्या बैठकांत आणि शेअर बाजाराच्या चर्चांत या दोन आकड्यांची गल्लत रोज होते. ज्याला जो आकडा सोयीचा तो त्याने पुढे करावा, अशी पद्धतच पडून गेली आहे. या पुस्तकाचा विषय तोच आहे: बाजार स्वतः हलत असताना ‘वाटा’ आणि ‘खप’ हे दोन आकडे एकत्र कसे वाचायचे.

उदाहरणे पुष्कळ देता येतील, पण एकच उदाहरण पुरते धसास लावलेले बरे. भारतीय प्रवासी वाहनांचा बाजार त्यासाठी फार सोयीचा आहे. वाहन उत्पादकांची संघटना, म्हणजे सियाम, गाड्यांचे आकडे नियमित जाहीर करते. कंपन्याही आपले आकडे दर महिन्याच्या एक तारखेला देतात. आणि या बाजारात एक कंपनी इतकी मोठी आहे, की तिच्या वाट्याची चर्चा ही जवळजवळ राष्ट्रीय करमणूक होऊन बसली आहे.

त्या चर्चेतले सर्वांत गाजलेले वाक्य असे: मारुतीचा वाटा पाच वर्षांत ५१ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांच्या खाली आला. वाक्य खरे आहे. २०१८-१९ मध्ये देशात ३३.७७ लाख प्रवासी वाहने विकली गेली, त्यांतली १७.३० लाख मारुतीची होती. भागाकार केला की ५१.२ टक्के येतात. २०२३-२४ मध्ये ४२.१९ लाखांपैकी १७.६० लाख, म्हणजे ४१.७ टक्के. साडेनऊ टक्क्यांचा फरक. हे ऐकले की वाटते, लाखो गिऱ्हाइके दुसऱ्याच्या शोरूमकडे वळली आणि कंपनीचे कारखाने ओस पडले. पण खपाचे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. १७.३० लाख आणि १७.६० लाख. कंपनी पाच वर्षांपूर्वीपेक्षा तीस हजार गाड्या जास्तच विकत होती.

इथे पहिली अडचण शब्दांची नाही, टक्क्यांची आहे. ‘साडेनऊ टक्के घट’ म्हणजे नेमके काय? ५१.२ मधून ४१.७ वजा केले तर ९.५ उरतात. विक्रीच्या धंद्यातली माणसे त्याला ‘पॉइंट’ म्हणतात: “साडेनऊ पॉइंट गेले.” पण ५१.२ हा मूळ आकडा धरला, तर त्यातला साडेनऊचा तुकडा म्हणजे सुमारे साडेअठरा टक्के होतो. वाटा साडेनऊ पॉइंटने घटला आणि साडेअठरा टक्क्यांनीही घटला. दोन्ही विधाने बरोबर आहेत, फक्त त्यांची मापे वेगळी. बातमीदाराने यांतले कोणते माप वापरले हे सांगितले नाही, तर वाचक दुप्पट घाबरतो किंवा निम्माच सावध होतो.

हा साडेअठरा टक्क्यांचा आकडा टाकाऊ नाही, कारण वाटा आणि खप यांना जोडणारा धागा त्यातच आहे. खप म्हणजे बाजार गुणिले वाटा. म्हणून खपाच्या वाढीचा गुणक हा बाजाराच्या गुणकाला वाट्याच्या गुणकाने गुणून मिळतो. पाच वर्षांत बाजार १.२४९ पट झाला. वाटा ०.८१४५ पट राहिला. गुणाकार करा: १.०१७४. म्हणजे खप पावणेदोन टक्क्यांनी वाढला. बाजाराने दिलेली पंचवीस टक्क्यांची भरती वाट्याच्या साडेअठरा टक्क्यांच्या ओहोटीने जवळजवळ सगळी खाऊन टाकली. अनेक जण इथे पंचवीसमधून साडेअठरा वजा करून साडेसहा टक्के वाढ सांगतात. ती चूक आहे, आणि बदल जितके मोठे तितकी ती चूकही मोठी होते. एखाद-दोन टक्क्यांच्या फरकांत बेरीज-वजाबाकी चालून जाते, पण पाच वर्षांच्या हिशेबात चालत नाही.

टक्के बाजूला ठेवून आता गाड्यांतच बोलू. मारुतीने आपला ५१.२ टक्क्यांचा वाटा टिकवला असता, तर ४२.१९ लाखांच्या बाजारात तिच्या वाट्याला सुमारे २१.६१ लाख गाड्या आल्या असत्या. म्हणजे केवळ बाजार वाढल्यामुळे तिला ४.३१ लाख गाड्या जास्त मिळायला हव्या होत्या. प्रत्यक्षात विकल्या १७.६० लाख, म्हणजे वाटा घसरल्याने ४.०१ लाख गाड्या हातच्या गेल्या. बाजाराने ४.३१ लाख दिल्या, वाट्याने ४.०१ लाख काढून घेतल्या, शिल्लक तीस हजार. ‘विक्री पाच वर्षांत थोडी वाढली’ या निरुपद्रवी वाक्याच्या पोटात एवढी मोठी उलाढाल लपलेली असते. खपाचा एकटा आकडा ती कधीच दाखवत नाही, आणि वाट्याचा एकटा आकडाही तिची अर्धीच बाजू दाखवतो.

या विभागणीत एक बारीक खोच आहे, आणि बैठकांमध्ये वाद होतात ते बहुधा तिच्यावरूनच. वाट्यातली घट कोणत्या बाजारावर मोजायची, जुन्या की नव्या? वर ती नव्या, मोठ्या बाजारावर मोजली म्हणून ४.०१ लाख आले. जुन्या ३३.७७ लाखांच्या बाजारावर मोजली तर ३.२१ लाखच येतात. मधल्या ऐंशी हजार गाड्या कोणाच्या खात्यावर मांडायच्या? त्या गाड्या वाढीव बाजारातल्या वाट्याच्या घटीमुळे गेल्या, म्हणजे दोन्ही कारणे एकत्र आल्याने. विक्रीप्रमुखाला त्या बाजाराच्या खात्यात हव्या असतात आणि अर्थप्रमुखाला विक्रीच्या. दोघांपैकी एकाचे बरोबर आणि दुसऱ्याचे चूक असे इथे काही नसते. पद्धत आधी ठरवावी आणि दरवर्षी तीच वापरावी. पद्धत दरवर्षी बदलणाऱ्या अहवालाकडे मात्र जरा संशयानेच पाहावे.

याच आकड्यांकडे बघण्याची आणखी एक रीत आहे, आणि ती अधिक निर्दय आहे. पाच वर्षांत बाजारात ८.४१ लाख गाड्यांची भर पडली. त्या वाढीव गाड्यांपैकी मारुतीच्या किती? तीस हजार. म्हणजे ३.६ टक्के. निम्म्या बाजाराची मालकीण असलेली कंपनी नव्या मागणीतून शंभरात चारही गाड्या घेऊ शकली नाही. याच काळात नाशिक आणि चाकणमध्ये गाड्या बांधणाऱ्या महिंद्राची देशांतर्गत प्रवासी वाहनांची विक्री २.५५ लाखांवरून ४.६० लाखांवर गेली. तिचा एकूण वाटा साडेसात टक्क्यांवरून अकराच्या आसपास पोहोचला, म्हणजे साडेतीन पॉइंटहून कमी वाढ. ऐकायला किरकोळ वाटते. पण वाढीव बाजारातला तिचा वाटा चोवीस टक्के होता. लहान कंपनीची धाव एकूण वाट्यात उशिरा उमटते, कारण त्या वाट्यामागे सगळ्या बाजाराच्या जुन्या खपाचे जड गाठोडे असते. वाढीव वाट्यात ती लगेच दिसते.

मात्र वाढीव वाट्याचा हा आकडा नाजूक आहे. बाजार जोरात वाढतो तेव्हाच तो शहाण्यासारखा वागतो. २०२४-२५ मध्ये बाजार दोन टक्केच वाढला, ८३ हजार गाड्यांनी. त्यात मारुतीच्या ८८६ गाड्या म्हणजे एक टक्का. ती एखाद्या महिन्यात स्पर्धकांकडून खेचून दहा हजार गाड्या अधिक विकती, तर हाच आकडा तेरा टक्क्यांवर उडी मारता. इतक्या लहान पायावर उभ्या टक्केवारीवरून धोरण ठरवू नये. आणि बाजार आकसला की तो पार उलटाच होतो. अशा वेळी एकूण वाटाही फसवतो. २०१९-२० मध्ये प्रवासी वाहनांची विक्री ३३.७७ लाखांवरून २७.७४ लाखांवर कोसळली. मारुतीची विक्री १७.३० लाखांवरून १४.१४ लाखांवर आली. सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या एका वर्षात कमी झाल्या, आणि वाटा? ५१.२ वरून ५१.०. फक्त दोन दशांश पॉइंट. त्या वर्षी वाट्याच्या आलेखाकडे पाहणाऱ्याला सगळे आलबेल दिसले असते. वितरकांच्या शोरूममध्ये मात्र आलबेल काहीच नव्हते.

आता दोन वर्षांची तुलना करून पाहावी. २०१९-२० मध्ये तीन लाखांवर गाड्या गेल्या, वाटा हलला नाही. २०२१-२२ मध्ये खप जवळपास तीन टक्क्यांनी वाढून १३.३ लाखांवर गेला, आणि वाटा मात्र ४७.७ वरून ४३.४ टक्क्यांवर आपटला, कारण बाजार तेरा टक्क्यांनी वाढला होता. पहिल्या वर्षी रोग सगळ्या बाजाराला होता, दुसऱ्या वर्षी एकट्या कंपनीला. दुसऱ्या वर्षीचे निदानही घाईने करून चालत नाही. तेव्हा चिपचा जागतिक तुटवडा होता, गाड्या हव्या तेवढ्या बनत नव्हत्या, आणि वर्षअखेरीस मारुतीकडे अडीच लाखांहून जास्त ग्राहकांची नोंदणी तुंबलेली होती. वाटा घटला याचा अर्थ ‘गिऱ्हाइकाने पाठ फिरवली’ असाच काढायचा, तर या रांगेत उभी माणसे कोण होती, याचे उत्तर द्यावे लागेल.

आता या विषयाच्या गाभ्याकडे येऊ. मारुतीचा वाटा घसरला तो कुठे?

सियामच्या तक्त्यात प्रवासी वाहनांचे तीन कप्पे असतात. एक कार, म्हणजे हॅचबॅक आणि सेदान. दुसरा युटिलिटी वाहने, ज्यांत एसयूव्ही आणि अर्टिगासारख्या मोठ्या कुटुंबाच्या गाड्या येतात. तिसरा व्हॅन, म्हणजे पूर्वीची ओम्नी आणि आताची ईको. २०१८-१९ मध्ये २२.१९ लाख कार विकल्या गेल्या, त्यांतल्या सुमारे १२.८७ लाख मारुतीच्या होत्या, म्हणजे ५८ टक्के. पाच वर्षांनी कारची बाजारपेठ आटून १५.४९ लाखांवर आली. मारुतीच्या कारही सुमारे तीन लाखांनी कमी होऊन ९.८० लाखांवर आल्या. पण वाटा? ५८ वरून ६३ टक्के. तीन लाख गाड्या कमी विकून वाटा पाच पॉइंटने वाढला.

युटिलिटी वाहनांत नेमके याच्या उलटे झाले. हा कप्पा ९.४१ लाखांवरून २५.२१ लाखांवर फुगला. मारुतीची विक्री २.६४ लाखांवरून ६.४२ लाखांवर गेली, म्हणजे जवळजवळ अडीचपट. ब्रेझा आणि अर्टिगाच्या जोडीला ग्रँड व्हिटारा, फ्रॉन्क्स, जिम्नी अशी फौज तिने उभी केली. तरी वाटा २८ वरून साडेपंचवीस टक्क्यांवर उतरला, कारण बाजार अडीचपटीपेक्षाही जास्त वाढला होता. व्हॅनमध्ये तर वाटा ८२ वरून ९२ टक्क्यांवर गेला. म्हणजे तीनपैकी दोन कप्प्यांत वाटा वाढला, एकात थोडा घटला, आणि सगळ्यांची बेरीज मात्र साडेनऊ पॉइंटने खाली आली.

हे कसे शक्य आहे, असा प्रश्न इथे पडलाच पाहिजे. उत्तर वजनात आहे. एकूण वाटा म्हणजे प्रत्येक कप्प्यातल्या वाट्याची सरासरी, आणि त्या सरासरीत प्रत्येक कप्प्याला त्याच्या आकाराएवढे वजन असते. २०१८-१९ मध्ये एकूण बाजारात युटिलिटी वाहनांचे वजन २८ टक्के होते, २०२३-२४ मध्ये जवळपास ६० टक्के. जिथे मारुतीचा वाटा ५८ टक्के होता त्या कारचे वजन ६६ वरून ३७ टक्क्यांच्या खाली आले. बाजाराचे वजन मारुतीच्या बलस्थानाकडून कमकुवत बाजूकडे सरकले.

या सरकण्याचा परिणाम किती, हे मोजता येते. समजा, मारुतीने प्रत्येक कप्प्यातला २०१८-१९ चा वाटा जसाच्या तसा ठेवला असता आणि फक्त कप्प्यांचे आकार बदलले असते. कारचे ३६.७ टक्के गुणिले ५८ टक्के, म्हणजे २१.३. युटिलिटीचे ५९.८ गुणिले २८.१, म्हणजे १६.८. व्हॅनचे ३.५ गुणिले ८२, म्हणजे २.९. बेरीज ४१.० टक्के. प्रत्यक्षातला वाटा ४१.७ होता. याचा अर्थ असा, की साडेनऊ पॉइंटची घसरण ज्या मैदानांवर कंपनी खेळत होती त्या मैदानांवरच्या पराभवांची बेरीज नाही. मैदानांचे आकारच बदलले, त्यात दहा पॉइंटहून जास्त गेले, आणि कप्प्यांच्या आतल्या लढाईत कंपनीने पाऊण पॉइंट परत मिळवला.

इथे थांबून कंपनीला निर्दोष सोडायचा मोह होतो, आणि अनेक विश्लेषक तसे करतातही. तो आवरायला हवा. बाजार ‘सरकला’ असे म्हणताना तो आपोआप सरकला असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात दुसऱ्या कंपन्यांनी तो सरकवला. टाटा मोटर्सने ऑक्टोबर २०२१ मध्ये पंच बाजारात आणली. तिची किंमत हॅचबॅकच्या गिऱ्हाइकाच्या आवाक्यातली होती, पण अंगकाठी एसयूव्हीची. २०२४ या कॅलेंडर वर्षात ती देशातली सर्वाधिक विकली जाणारी गाडी ठरली, आणि मारुतीच्या गाड्यांची चार दशकांची मक्तेदारी तिने मोडली. पंच घेणारे गिऱ्हाईक एरवी कदाचित स्विफ्ट किंवा वॅगन आर घेते. तक्त्यात ते ‘कारचा बाजार आटला’ म्हणून नोंदले जाते, स्पर्धकाकडे गेलेले गिऱ्हाईक म्हणून नाही. शिवाय कप्प्यांच्या सीमा माणसांनीच आखलेल्या असतात. मारुतीची फ्रॉन्क्स ही तिच्याच बलेनोच्या पायावर उभी असलेली गाडी, पण मोजली जाते युटिलिटी वाहनांत. ती कारमध्ये मोजली असती तर वरच्या दोन्ही वाट्यांचे आकडे वेगळे आले असते. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ मानके लागू होताना डिझेल गाड्या बंद करण्याचा निर्णयही मारुतीचाच होता. मोठ्या एसयूव्हीच्या गिऱ्हाइकाला तेव्हा डिझेल हवे होते.

तेव्हा कप्प्यांची विभागणी दोष कोणाचा हे सांगत नाही, तो कुठे शोधायचा एवढेच सांगते. तिच्याशिवाय मारुतीची व्यवस्थापक मंडळी आपल्या हॅचबॅकच्या विक्रेत्यांना झापत बसली असती, आणि ते बिचारे तर वाटा वाढवून दाखवत होते.

आणखी एक धोका भागाकाराच्या खालच्या आकड्यात, म्हणजे छेदात असतो. ‘बाजार’ म्हणजे कोणता आकडा? सियामचे आकडे कारखान्यातून वितरकाकडे रवाना झालेल्या गाड्यांचे असतात. गिऱ्हाइकाच्या नावावर नोंदणी झालेल्या गाड्या वेगळ्या मोजल्या जातात, ‘वाहन’ या सरकारी संगणक प्रणालीवरून, आणि वितरकांची संघटना फाडा ते आकडे दर महिन्याला देते. त्यांत अनेक वर्षे तेलंगणाची नोंद नव्हती, कारण ते राज्य त्या प्रणालीबाहेर होते. म्हणजे एकाच महिन्यात एकाच कंपनीचे दोन वाटे निघू शकतात आणि दोन्ही अधिकृत असतात. सियामच्या मासिक तक्त्यांत काही वर्षे टाटा मोटर्सचे आकडेच नसत, खाली बारीक अक्षरांत तशी टीप असे. ती टीप न वाचता मासिक बेरजेवरून वाटा काढणाऱ्याला छेद लहान मिळे आणि सगळ्यांचे वाटे फुगलेले दिसत.

रवानगी आणि नोंदणी यांच्यातला फरक कधी कधी फार मोठा होतो. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस वितरकांकडे सत्तर ते पंचाहत्तर दिवसांचा साठा, म्हणजे सुमारे ७.८ लाख गाड्या पडून असल्याचे फाडाने सांगितले होते. त्या गाड्या कारखान्यांच्या हिशेबी विकल्या गेलेल्या होत्या, कंपन्यांच्या वाट्यात मोजल्याही गेल्या होत्या. गिऱ्हाईक मात्र अजून यायचे होते, आणि त्या साठ्यावरचे व्याज वितरक भरत होता. महिनाअखेरीस दोन दिवसांत हजारो गाड्या ट्रकवर चढवून वाट्याचा दशांश राखण्याची कला या धंद्यात सर्वांना ठाऊक आहे. ती ओळखायची खूण सोपी आहे: रवानगीतला वाटा आणि नोंदणीतला वाटा यांच्यातले अंतर सलग तीन-चार महिने एकाच दिशेने वाढत गेले, तर वाटा शोरूममध्ये नव्हे, गोदामात वाढतो आहे.

शेवटी पैशाचा मुद्दा, आणि तो थोडक्यात. वाटा गाड्यांच्या संख्येत मोजला की एक ऑल्टो आणि एक ग्रँड व्हिटारा सारख्याच वजनाच्या ठरतात. मारुतीचा निव्वळ नफा २०१८-१९ मध्ये सुमारे ७,५०० कोटी रुपये होता, तो २०२३-२४ मध्ये १३,२०९ कोटी झाला. संख्येतला वाटा साडेनऊ पॉइंटने घसरत असताना नफा पाऊणपटीने वाढला. महागड्या गाड्यांचे प्रमाण वाढले, हे त्याचे एक मोठे कारण आहे. म्हणून वाट्याची घसरण दिसली की ती संख्येतली की किमतीतली, हे विचारायलाच हवे. कंपनीने पुन्हा पन्नास टक्क्यांवर जाण्याचे उद्दिष्ट जाहीरपणे सांगितलेले आहे. ते संख्येतले उद्दिष्ट आहे, आणि ते गाठताना नफ्याचे काय होईल हा प्रश्न वेगळा.

पुढच्या प्रकरणांत हीच अवजारे दुचाकी, मोबाइल सेवा आणि साबण-तेलाच्या बाजारावर चालवलेली आहेत. प्रत्येक बाजारात छेद वेगळा आणि कप्पे वेगळे, त्यामुळे खाचखळगेही वेगळे. वाचकाने तिकडे वळण्याआधी एक हिशेब स्वतः करून पाहावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक उपकर यावरून सरळ १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे हॅचबॅक स्वस्त झाल्या, आणि एवढी वर्षे आटत गेलेला कप्पा पुन्हा भरू लागण्याची शक्यता निर्माण झाली. २०२५-२६ चे सियामचे वार्षिक आकडे घ्यावेत. तिन्ही कप्प्यांत मारुतीचा २०२४-२५ चा वाटा कायम धरून एकूण वाटा किती यायला हवा होता ते काढावे, आणि मग प्रत्यक्ष आलेला वाटा त्याच्या शेजारी लिहावा. कागद, पेन्सिल आणि दहा मिनिटे पुरतील. मथळ्यात त्या वेळी ‘मारुतीची मुसंडी’ असेल किंवा ‘मारुतीची पीछेहाट’, त्यातले किती कंपनीचे आणि किती कराचे, हे वाचकाला आधीच कळलेले असेल.